काळोखाचे दिवस पिवळे

नोएमी तोमालाने पाण्याचा पेला मागे सरकवला, भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरची खालची कड दोन बोटांत धरून अलगद ताणली, आणि पान सरळ लटकतंय याची खात्री पटल्यावरच परीक्षकांकडे तोंड केलं.

एफ्राइन बुरबानोला तिची फक्त पाठ दिसत होती. या कॉलेजात मार्गदर्शकाची खुर्ची विद्यार्थ्याच्या मागे असते. पूर्वी मार्गदर्शक समोर बसत आणि भुवया उडवून, डोकं खाजवून, पेन आपटून पोरांना उत्तरं पुरवत. विभागप्रमुख म्हणून फाल्कोनीबाई आल्या आणि पहिल्याच वर्षी त्यांनी ती खुर्ची स्वतः उचलून मागे नेऊन ठेवली. तिथे बसणाऱ्याने बोलायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. सगळं आटपलं की बाई त्याला एकच प्रश्न विचारतात, ‘मार्गदर्शकाला काही जोडायचंय?’ त्यावर ‘काही नाही’ म्हणायचं. म्हणजे काम विद्यार्थ्याचं स्वतःचं आहे, असा त्याचा अर्थ. पोरांनी त्या खुर्चीला मुक्याची खुर्ची असं नाव पाडलं होतं.

बाहेर व्हरांड्यात अजून कोलादा मोरादाचं पातेलं होतं. पितरांचा सण होऊन दोनतीन दिवस झाले होते, तरी शिपाईकाकूंनी उरलेल्या फळांचा पुन्हा एक घाणा काढला होता, आणि प्रदर्शनाला आलेला प्रत्येकजण तो दाट जांभळा रस कागदी पेल्यातून पीत पोस्टरांसमोर उभा होता. एफ्राइनच्याही हातात एक पेला होता. त्याने तो खुर्चीखाली ठेवला.

“माझं गाव पुएर्तो सालेमा,” नोएमी म्हणाली. “आमच्याकडे महिना आठवड्यांनी मोजत नाहीत. महिन्याचे दोनच भाग. काळोख आणि चांदणं. काळोखात मासळी थव्याने वर येते, तेव्हा जाळ्याच्या होड्या समुद्रावर असतात. चंद्र भरत आला की मासळी पांगते, जाळं तिला दिसतं. मग आठ-नऊ दिवस होड्या किनाऱ्याला. या दोन गोष्टी एका नजरेत कळाव्यात, असं कॅलेंडर मी केलंय.”

आवाज अजिबात कापत नव्हता. एफ्राइनला बरं वाटलं. वर्षाच्या सुरुवातीला ही पोरगी स्वतःचं नाव सांगतानासुद्धा जमिनीकडे बघायची. वर्गात किनाऱ्यावरून आलेली ती एकटीच. बाकीची ग्वायाकीलची शहरी पोरं तिच्या बोलण्याची नक्कल करायची, आणि ती त्यांच्याबरोबर हसायची.

यंदा मामला नुसत्या गुणांचा नव्हता. परीक्षकांत छापखान्याचे मालक सेन्योर वेलिंग्टन सेदेन्यो बसले होते, आणि निवडलेलं एक काम ते आपल्या खर्चाने छापून देणार होते. नोएमीचं निवडलं गेलं तर नाताळच्या आत पुएर्तो सालेमाच्या घराघरात, चुलीशेजारच्या भिंतीवर, तिने केलेलं कॅलेंडर लागणार होतं. गेले आठ महिने पोरीने दुसऱ्या कशाचा विचार केला नव्हता. एफ्राइननेही नाही.

“रंग दोनच आहेत,” ती पुढे म्हणाली. “पिवळा आणि गडद निळा. तिसरा रंग कागदाचा पांढरा. दोन शायांत काम भागलं की छपाई स्वस्त पडते, आणि मुख्य म्हणजे बघणाऱ्याला लक्षात ठेवायला दोनच गोष्टी उरतात. कामाचे दिवस पिवळे. विश्रांतीचे निळे. पिवळ्यावर निळा आकडा आहे, निळ्यावर पांढरा. पिवळ्या शाईत मी कुठेही अक्षर लिहिलेलं नाही. आमच्याकडच्या स्वयंपाकघरात एकच दिवा असतो, त्या उजेडात पांढऱ्या कागदावरचं पिवळं अक्षर नाहीसं होतं. म्हणून पिवळा फक्त तळाला ठेवला.”

तिने एक राखाडी पान वर धरलं. तेच जानेवारीचं पान, रंग काढून टाकलेलं. रंग गेले तरी दोन प्रकारचे दिवस वेगळे ओळखू येत होते, एक फिकट, एक जवळजवळ काळा. ज्याला रंग नीट दिसत नाहीत त्यालाही हे कॅलेंडर वाचता येईल, ती म्हणाली. फाल्कोनीबाईंनी कौतुकाने मान हलवली.

सेन्योर वेलिंग्टन पुढे वाकले. अंगाने भारी माणूस, खुर्ची करकरली.

“पोरी, निळ्यातला पांढरा आकडा म्हणजे शाई न लागलेली जागा. बरोबर? मी छापणार साध्या कागदावर. साधा कागद शाई पितो. निळं चहूबाजूंनी आत येणार. तुझ्या सहाचं आणि आठचं पोट बुजलं, तर?”

“म्हणून ते आकडे मी जाड केले, सर. आणि सहा, आठ, नऊ यांची पोटं मुद्दाम मोठी कोरली. कोपऱ्यावरच्या छापखान्यात साध्या कागदावर दोन पानं छापून बघितली. पहिल्या वेळी आठचं वरचं पोट बुजलं. मग आणखी उघडलं. आता दाराशी उभं राहून वाचता येतो.”

“दाराशी म्हणजे माझ्या दाराशी की राष्ट्राध्यक्षांच्या?”

“आमच्या, सर. चुलीपासून दोन ढांगा.”

सगळे हसले. सेन्योर वेलिंग्टननी हात पोटावर ठेवले. त्यांचं समाधान झालं होतं, त्यांच्या दृष्टीने काम छापण्याजोगं होतं.

“मांडणीबद्दल सांग,” फाल्कोनीबाई म्हणाल्या.

“सात रकाने, सोमवार ते रविवार. मुलांची शाळा, दवाखाना, बस, सगळं वारांवर चालतं, म्हणून वारांची चौकट मोडली नाही. काळोख आणि चांदणं त्या चौकटीवरून पट्ट्यासारखे वाहतात, एका ओळीतून पुढच्या ओळीत. वरचा पाचवा भाग कोरा सोडलाय. भिंत आधीच गजबजलेली असते, तिथे तवे असतात, देवीचा फोटो असतो, पिशव्या असतात. नजरेला थांबायला जागा हवी. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नाही, तो पानाचा श्वास आहे.”

शेवटचं वाक्य ऐकून एफ्राइनने पाय आवळून घेतले. ते त्याचं वाक्य होतं. शब्दाला शब्द. मे महिन्यात, तिच्या पानावर बोट ठेवून, तो हे बोलला होता. आता आठवलं तर त्याआधीची बरीचशी वाक्यंही त्याचीच होती. फक्त आठच्या पोटाचं तिचं होतं, आणि दोन ढांगांचं.

मेडेयीनहून पाहुणी परीक्षक म्हणून आलेली हिमेना आर्बेलाएस इतका वेळ काही बोलली नव्हती. बारीक चणीची, पांढऱ्या केसांची बाई. ती उठली, कॅलेंडरजवळ गेली, आणि पुस्तक वाचावं तशी जवळून बघत राहिली.

“एक कळलं नाही मला, बाळा. काळोखाच्या रात्री पिवळ्या. चांदण्याच्या रात्री गडद निळ्या. उलटं नाही झालं?”

नोएमीची पाठ ताठ झाली. मग ती म्हणाली, “रंग आकाशाचा नाही, मादाम. घराचा आहे. काळोखात काम असतं, घरात लगबग असते. पिवळा उबदार आहे, पुढे येतो, हालचाल सांगतो. निळा मागे सरतो, शांत करतो. काय दिसतं ते दाखवण्यापेक्षा काय करायचं ते दाखवणं, हे कॅलेंडरचं काम.”

“छान बोलतेस.” हिमेनाने बोट निळ्या चौकटीवर ठेवलं. “पण तुझ्या गावच्या माणसाने हे पान पहिल्यांदा पाहिलं, तर त्याला काळोख कुठला वाटेल?”

एफ्राइनला मार्च महिना आठवला.

मार्चमध्ये नोएमीने त्याच्या टेबलावर जे आणून ठेवलं होतं ते हाताने केलेलं होतं, काळा कागद कापून, डिंकाने चिकटवून. त्यात सोमवार नव्हता आणि रविवारही नव्हता. पान सुरू व्हायचं होड्या निघायच्या रात्री आणि संपायचं चंद्र उतरल्यावर. वरच्या अर्ध्या भागात काळोखाच्या रात्री, काळ्या, लहान लहान, एकमेकींना चिकटून, त्यावर मासळीच्या पोटासारखे रुपेरी आकडे. खालच्या अर्ध्या भागात चांदण्याचे ते आठ-नऊ दिवसच, पण मोठे, कोरे, पांढरे. पान कुठून कुठे वाचायचं हे त्याला दोन मिनिटं कळलं नव्हतं. कळलं तेव्हा तो हसला होता.

“नोएमी, अगं, हे कोण लावेल घरात? मयताची पत्रिका वाटते.”

“आमच्याकडे काळोख लागला की बाया गाणी म्हणतात, प्रोफे. होड्या निघतात ना. काळं बघितलं की बरं वाटतं.”

“आणि रविवार? रविवार कुठे शोधायचा?”

“मासळी रविवार पाळत नाही.” मग जरा थांबून तिने हळूच जोडलं होतं, “वार मी कोपऱ्यात बारीक लिहिलेत.”

“आणि हे खालचे एवढे मोठे चौकोन? आठ दिवसांना अर्धं पान?”

“तेव्हा सगळे घरी असतात. बारसं, साखरपुडा, दात काढायला जाणं, जाळी विणणं, सगळं चांदण्यातच ठरतं. आई तिथे लिहिते. काळोखात घरी लिहायला कोण असतं? म्हणून ते काळे चालतात. त्याच्यावर पेन उमटलं नाही तरी बिघडत नाही.”

हे त्याने ऐकलं होतं. कानांनी ऐकलं होतं, एवढंच. त्याच्या डोक्यात तेव्हा मागच्या वर्षीचा निकाल होता. मागच्या वर्षी त्याच्या एका विद्यार्थ्याने आपल्या मोहल्ल्यातल्या बसगाड्यांवरच्या रंगकामावरून पोस्टरं केली होती, भडक, दाटीवाटीची, आणि परीक्षकांनी ‘गोड आहे, पण गावठी’ म्हणून त्याला जेमतेम पास केलं होतं. पोराने पुढे डिझाइन सोडलं, म्हणे मामाच्या टायरच्या दुकानात बसतो. नोएमीचं तसं होऊ द्यायचं नाही, असा एफ्राइनने चंगच बांधला होता. त्याच्या मनात खोट नव्हती. तो स्वतः डोंगराकडचा, क्वेंकाजवळच्या खेड्यातला. शहरात आल्यावर आपलं बोलणं, आपले कपडे, आपले रंग एकेक करून उतरवून ठेवले तेव्हाच लोक आपल्याला आत घेतात, हे तो स्वतः सोसून शिकला होता. ते तो तिला आयतं देत होता, इतकंच त्याला वाटत होतं.

एप्रिलात काळा गेला, पिवळा आला. मे महिन्यात चंद्राची मांडणी गेली आणि सात रकाने आले. जूनमध्ये निळा आला, कारण पिवळ्याला जोडीदार म्हणून निळ्याइतका भक्कम दुसरा रंग नाही, हे त्याने तिला फळ्यावर वर्तुळ काढून पटवलं. प्रत्येक वेळी ती मान डोलवायची आणि पुढच्या आठवड्यात तसं करून आणायची, सांगितल्यापेक्षा दीडपट चांगलं. असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं, असं तो शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगत फिरला होता.

“काळोख कुठला वाटेल?” हिमेनाने पुन्हा विचारलं.

“पहिल्या दिवशी कदाचित निळा वाटेल,” नोएमी म्हणाली. “म्हणून खाली खूण दिलीय. पिवळ्या चौकोनाशेजारी होडी, निळ्याशेजारी दोरीने बांधलेली होडी. दुसऱ्या दिवशी चूक होणार नाही.”

हे तिने आत्ता, उभ्या उभ्या रचलेलं उत्तर नव्हतं. तयारी केली होती. हिमेना जागेवर जायला वळली आणि अर्ध्या वाटेत थांबली.

“आणि लोक लिहितात का यावर? माझी आई लिहायची. डॉक्टर, गॅसची टाकी, कोणाचा वाढदिवस. निळ्यावर पेन उमटणार नाही. सुट्टीच्या दिवसांत काही लिहायचं नसतं तुमच्याकडे?”

एफ्राइनची नजर कॅलेंडरवर गेली. निळी चौकट. चांदण्याचे दिवस. आईने लिहायचे दिवस. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत हे पान त्याने शंभर वेळा बघितलं असेल, आणि हे त्याला एकदाही दिसलं नव्हतं. नोएमीला दिसलं नसेल? तिला दिसलं नसेल असं होणं शक्यच नव्हतं. तिनेच तर सांगितलं होतं.

तिचा डावा हात पाठीमागे होता. त्याची बोटं उजव्या मनगटाला धरून होती, आणि ती आवळत गेलेली एफ्राइनला दिसली. एक क्षण त्याला वाटलं, आता ही वळेल. वळून त्याच्याकडे बघेल, आणि त्याला नुसतं हो म्हणावं लागेल. तो म्हणाला असता. तो अक्षरशः खुर्चीच्या टोकावर आला होता.

ती वळली नाही.

“नाही, मादाम,” ती म्हणाली. “चांदण्यात आमच्याकडे काही नसतं. लोक झोपतात. त्या दिवसांवर लिहायला काही नसतं, म्हणून मी ते भरून टाकले. तिथे काही लिहू नका, असंच पान सांगतं. विश्रांती घ्या, असं.”

“वा,” फाल्कोनीबाई हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

हिमेनाने जरा वेळ नोएमीकडे बघितलं. मग तिनेही मान डोलवली. “विश्रांतीचा रंग. हे सुंदर आहे. खरंच.”

एफ्राइन मागे टेकला. पोरीने गावाच्या बारशांवर, साखरपुड्यांवर, आईच्या लिहिण्यावर एका वाक्यात निळं फिरवलं होतं, आणि ते इतकं बेमालूम फिरवलं होतं की कुठे डाग दिसत नव्हता. कुणाला वाचवायला? स्वतःला, हे तर खरंच. पण त्यालाही. ‘हे माझ्या प्रोफेने सांगितलं’ एवढं म्हटलं असतं तरी तिचं ओझं हलकं झालं असतं. या कॉलेजातली निम्मी पोरं अडचणीत आली की तेच म्हणतात.

“ठीक आहे,” फाल्कोनीबाईंनी कागद गोळा केले आणि चष्म्यावरून मागे बघितलं. “एफ्राइन. मार्गदर्शकाला काही जोडायचंय?”

बोलावं का? त्याच्या जिभेवर होतं. ‘पहिलं पान बघा, ते माझ्यामुळे गेलं.’ पण या प्रश्नाला ‘आहे’ म्हणणं म्हणजे काम तिचं नाही असं म्हणणं. तिचे आठ महिने, ती आठची पोटं, ते राखाडी पान, सगळं एका झटक्यात त्याच्या नावावर जाणार, आणि छपाई दुसऱ्या कुणाला. तिला बुडवून स्वतःचा प्रामाणिकपणा मिरवायचा? हे कारण चांगलं होतं. याच्या तळाशी दुसरंही एक कारण होतं, तेवढं चांगलं नसलेलं, आणि त्यालाही ते माहीत होतं. पाहुणी बाई, छापखान्याचा मालक, विभागप्रमुख, या सगळ्यांसमोर वीस वर्षं शिकवत आलेल्या शिक्षकाने म्हणायचं, की मला कॅलेंडर कळलं नाही.

“काही नाही,” एफ्राइन म्हणाला.

नोएमीचे खांदे सैल झाले.

निकाल दुपारी लागला. सेन्योर वेलिंग्टननी स्वतः नाव पुकारलं, तोमालाच्या ऐवजी तोमास म्हणाले, मग माफी मागून पुन्हा पुकारलं. टाळ्या पडल्या. वर्गातली शहरी पोरं शिट्ट्या वाजवत होती, त्यात नक्कल नव्हती. एकाने तिला उचलायचा प्रयत्न केला आणि तिची चप्पल निघाली. हिमेना आर्बेलाएसने तिचे दोन्ही हात हातात घेऊन काहीतरी सांगितलं, आणि ते ऐकून पोरगी पहिल्यांदाच रडली.

एफ्राइनने गर्दी ओसरेपर्यंत वाट बघितली. ती कॅलेंडरजवळ उभी होती, फोनवर बोलत होती. “नाही गं, आई. हो, छापणार. हो, सगळ्यांना. बाबांना कळव ना, रेडिओवरून कळव... बरं, परत आले की सांग.” घरून कुणी आलं नव्हतं. काळोख चालू होता, होड्या बाहेर होत्या, आणि बाया मासळीच्या कारखान्यात.

तिने फोन ठेवला आणि त्याला बघून नाक पुसलं.

“प्रोफे! झालं ना आपलं!”

“तुझं झालं. अभिनंदन, नोएमी.” त्याने घसा साफ केला. आता खाकरायची मुभा होती. “मला तुझ्याशी बोलायचंय. दोन मिनिटं.”

“बोला की.”

“सेन्योर वेलिंग्टन पुढच्या आठवड्यात छापायला घेणार. अजून बदल करता येतो. मी विचारलंय त्यांना, म्हणजे तुझं नाव न घेता, सहज विचारलंय. शाया दोनच राहिल्या तर त्यांची हरकत नाही.” तो भराभर बोलत होता, थांबलो तर बोलणार नाही हे त्याला ठाऊक होतं. “तुझं मार्चमधलं पान. काळं. ते बरोबर होतं. मी ते मोडायला लावलं, माझी चूक झाली. मला तेव्हा कळलं नाही. आज त्या बाईंनी लिहिण्याचं विचारलं, तेव्हा कळलं. तू खोटं बोललीस माझ्यामुळे. तेव्हाचं पान घेऊ या आपण. मी फाल्कोनीबाईंना सांगतो, माझ्या नावाने सांगतो. तुझे गुण जाणार नाहीत, ते मी बघतो.”

नोएमी त्याच्याकडे बघत होती. आधी गोंधळून, मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर समजूत आली, आणि त्या समजुतीत माया होती. आजारी माणसाशी बोलावं तसा तिने आवाज खाली घेतला.

“प्रोफे, तुम्ही घाबरलात ना मघाशी? मी पण घाबरले होते.”

“घाबरण्याचं नाही गं. खरं सांगतोय.”

“नाही, पण बघा ना.” तिने कॅलेंडरकडे हात केला. “त्या पानात नजर कुठे थांबणार होती? काळ्यावर काळं. दाटी. वार कोपऱ्यात. रुपेरी आकडा साध्या कागदावर राखाडीच दिसला असता, मी नंतर छापून बघितलं. वरती श्वास नव्हता. तुम्हीच सांगितलं होतं, तेव्हा मला राग आला होता. खरंच आला होता, मी हॉस्टेलवर जाऊन रडले पण होते. मग शिकत गेले तसं कळलं.”

“आणि आई? आई कुठे लिहिणार?”

तिने निळ्या चौकटीवर बोट टेकवलं, शाई सुकलीय का बघावं तसं, आणि काढून घेतलं.

“लिहील कुठेतरी. मागच्या बाजूला लिहील. तिची सवय मोडेल हळूहळू.” मग ती हसली, अगदी मोकळं, आणि त्याच्या दंडाला हात लावला. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका, प्रोफे. ते पहिलं होतं ना, ते बाळबोध होतं. ते फक्त आमच्याच लोकांना कळलं असतं.”

कुणीतरी तिला हाक मारली, वर्गाचा फोटो काढायचा होता. ती पळत गेली, एका पायातली चप्पल सावरत, आणि गर्दीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. फोटो काढणाऱ्या पोराने एफ्राइनलाही हात करून बोलावलं, “प्रोफे, या ना, तुमच्याशिवाय कसं!” तो गेला. त्यांनी त्याला मध्ये, तिच्या शेजारी उभं केलं.